जपानहून आलेली अल्फार्ड घ्यायची असेल तर आधी बिल ऑफ एंट्री मागा

प्रश्न: पुण्यात एक जण 2017 ची टोयोटा अल्फार्ड 38 लाखांना देतोय. जपानहून आलेली आहे, आरसी हिमाचलची, 2022 मध्ये नोंदवलेली. एनओसी काढून देतो, कागद क्लिअर आहेत म्हणतो. आईला अर्धांगवायू झालाय, तिला चढ-उतार सोपी व्हावी म्हणून ही गाडी हवी आहे. कागद, स्पेअर, इन्शुरन्स आणि पुढे विकण्याच्या दृष्टीने काय धोका आहे?

उत्तर:

आईंसाठी गाडी बघताय म्हणून सुरुवातीलाच सांगतो: तुम्ही दिलेल्या माहितीवर मी या गाडीला टोकन देणार नाही. गाडी म्हणून अल्फार्ड उत्तम आहे. बाहेरच्या गाड्यांचं काम करणारं गॅरेज मी बावीस वर्षं चालवतो आणि खरेदीआधी गाडी तपासायलाही जातो. माझ्याकडे आलेल्या अल्फार्डचं इंजिन क्वचितच त्रास देतं. अडचण गाडी देशात कशी आली, इथून सुरू होते. स्पेअर, विमा आणि विक्री या तिन्ही गोष्टी त्याच्याच मागे येतात.

आरसी खरी आहे का, हे सगळेच विचारतात. parivahan.gov.in वर नंबर टाकला, गाडीचं नाव आलं, की समाधान होतं. पण आयात गाडीत आरसी हा शेवटचा कागद असतो. आरटीओच्या एका क्लार्कने समोर ठेवलेल्या कागदांवरून ती बनवलेली असते. ते कागद खोटे असतील तरी आरसी सिस्टीममध्ये खरीच दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, खोट्या कागदांवर नोंदणी झाल्याचं सिद्ध झालं तर ती रद्द होते, मग मधे गाडी कितीही जणांनी विकत घेतलेली असो. म्हणून सगळ्यात आधी पाहायचा कागद म्हणजे बिल ऑफ एंट्री. गाडी बंदरात उतरली तेव्हा कस्टमकडे भरलेला तो दाखला. त्यावर आयात करणाऱ्याचं नाव, गाडीची किंमत, भरलेलं शुल्क आणि चेसिस नंबर असतो.

आता तुमच्या गाडीच्या तारखा जुळवून बघू. वापरलेली गाडी आयात करण्याचे नियम कडक आहेत. उत्पादनाच्या तारखेपासून तिला तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत, स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि ती फक्त मुंबई बंदरातून यायला हवी. शिवाय बंदरातून सुटण्याआधी तिची मान्यताप्राप्त संस्थेत तपासणी व्हायला हवी. त्यातल्या दोन संस्था आपल्याच राज्यात आहेत: पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. तुमची गाडी 2017 ची आणि देशातली पहिली नोंदणी 2022 ची. मधल्या पाच वर्षांचं उत्तर विक्रेत्याने द्यायला हवं. गाडी 2020 पर्यंत बंदरात उतरली आणि काही कारणाने नोंदणी लांबली, असं होऊ शकतं, पण मग बिल ऑफ एंट्रीवर ती तारीख दिसेल. 2021 किंवा 2022 ची तारीख असेल तर ती या वाटेने कायदेशीरपणे आलेलीच नाही.

दुसरी वाट आहे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सची. धंद्यातले लोक तिला टीआर म्हणतात. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचा परत येणारा माणूस आपली गाडी आणू शकतो. पण ती तिथे किमान एक वर्ष त्याच्या ताब्यात असायला हवी, इथे तिच्यावर पूर्ण शुल्क भरावं लागतं आणि दोन वर्षं ती विकता येत नाही. आरसीवर तसा 'नो सेल'चा शेरा असतो. विक्रेता 'टीआरची गाडी आहे' म्हणाला तर आणणाऱ्याच्या पासपोर्टची शिक्क्यांसह प्रत आणि त्याच्या नावावरची जपानची नोंदणी मागा. जो माणूस कधी जपानमध्ये राहिलाच नाही त्याच्या नावावर टीआर दाखवलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे. पासपोर्ट मागितला आणि बोलणंच थांबलं.

तिसरी वाट कार्नेची. रस्त्याने देशोदेशी फिरणारे लोक ऑटोमोबाइल असोसिएशनचा कार्ने घेऊन शुल्क न भरता गाडी आणतात आणि मुदतीत परत घेऊन जातात. अशी गाडी इथे विकताच येत नाही. कागदांत कुठेही 'कार्ने' हा शब्द दिसला तर पुढे काही बघू नका.

किमतीचा हिशेबही करून बघा, कारण सगळ्यात स्पष्ट खूण तिथेच सापडते. समजा जपानमध्ये ही गाडी, विमा आणि जहाजभाडं धरून, 20 लाखांची पडली. त्या काळात वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क 125 टक्के होतं आणि त्यावर अधिभार धरून 137.5 टक्के. म्हणजे 20 लाखांवर साडेसत्तावीस लाख, एकूण साडेसत्तेचाळीस. त्यावर जीएसटी आणि सेस मिळून साधारण निम्मी रक्कम आणखी. गाडी सत्तर लाखांच्या आसपास पोचली, आणि अजून रोड टॅक्स, तपासणी आणि एजंटचा खर्च बाकीच आहे. कोणी इतके पैसे घालून काही वर्षांनी 38 ला विकेल का? विकेलही. घसारा असतो, गरज असते. पण मग शुल्क भरल्याचं चलान तो अभिमानाने दाखवेल. जो 38 ला विकतो आणि चलान दाखवत नाही त्याची गाडी सत्तरला पडलेली नाही, एवढं समजून चाला.

हे प्रकार होतात कसे, याची अलीकडची दोन उदाहरणं सांगतो. जुलै 2021 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर शुल्कमुक्त आणलेल्या महागड्या गाड्यांचं प्रकरण उघड केलं. त्या गाड्या नंतर मणिपूरमध्ये नोंदवून खाजगी लोकांना विकल्या गेल्या होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये कोचीच्या कस्टमने 'ऑपरेशन नुमखोर' केलं. त्यात भूतानमार्गे आलेल्या आणि बनावट कागदांवर इतर राज्यांत नोंदवलेल्या गाड्यांचा शोध होता, आणि नोंदणीच्या राज्यांत हिमाचलचंही नाव आलं. हिमाचलची प्रत्येक आयात गाडी तशीच, असं मी म्हणत नाही. तिथल्या रहिवाशाने सरळ मार्गाने आणलेली गाडीही असू शकते. पण पुण्यात विकायला असलेल्या गाडीची पहिली नोंदणी शिमल्याकडची का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

अशी गाडी तुमच्या दारातून उचलली गेली तर काय होतं, हेही नीट समजून घ्या. बुडवलेलं शुल्क आयातदाराकडून वसूल करायचं असतं. 2002 मध्ये आयात झालेल्या एका पोर्शेच्या प्रकरणात, नंतरचा खरेदीदार आयातदार नाही, म्हणून त्याच्याकडून शुल्क मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं. यावरून लोक निर्धास्त होतात. पण गाडी आली 2002 मध्ये आणि निकाल लागला 2024 मध्ये, मधे किती वर्षं गेली हे लक्षात घ्या. शिवाय जप्ती गाडीवर होते, माणसावर नाही. तुम्ही प्रामाणिक असलात तरी गाडी कस्टमच्या आवारात जाते. ती तात्पुरती सोडवायची तर बॉन्ड आणि बहुधा बँक गॅरंटी द्यावी लागते. तेवढ्या काळात आईंना दवाखान्यात न्यायला गाडी नसेल.

मग तपासायचं कसं? विक्रेत्याकडून बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर घ्या. कस्टमच्या ICEGATE संकेतस्थळावर Bill of Entry Status म्हणून सोय आहे, तिथे हे तिन्ही तपशील टाकले की नोंद दिसते. न्हावा-शेवाचा कोड INNSA1 आणि मुंबई बंदराचा INBOM1. विक्रेत्याच्या कागदावरची किंमत, शुल्क आणि माल सुटल्याची, म्हणजे 'आउट ऑफ चार्ज'ची, तारीख तिथल्या नोंदीशी जुळली पाहिजे. नंबर सापडलाच नाही, किंवा त्या नंबरावर दुसऱ्याच रकमेचा माल निघाला, तर तो कागद बनावट आहे. हे काम एखाद्या कस्टम ब्रोकरकडून करून घेतलंत तर उत्तम. गाडी विकणाऱ्याच्या ओळखीचा ब्रोकर मात्र घेऊ नका.

त्यानंतर गाडीजवळ जा. जपानमधल्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला आपल्यासारखा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर नसतो. मॉडेलचा कोड, मधे रेघ आणि पुढे आकडे असा तो असतो. अडीच लिटर पेट्रोल अल्फार्डचा साधारणपणे AGH30 पासून सुरू होतो, हायब्रिडचा AYH30 पासून. जपानने दिलेल्या एक्स्पोर्ट सर्टिफिकेटवर, बिल ऑफ एंट्रीवर, आरसीवर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर, चारही ठिकाणी एकच अक्षरसमूह हवा. आरसीवर सतरा अक्षरं आणि पत्र्यावर AGH30 असेल तर एका गाडीची ओळख दुसरीला चिकटवली आहे. नंबराच्या आजूबाजूचा पत्रा बोटाने चाचपा. घासल्याचा खडबडीतपणा किंवा रंगाचा वेगळा पोत जाणवला तर थांबा. सीटबेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेल्या पट्टीवर उत्पादनाचं वर्ष असतं. सगळे पट्टे बाहेर ओढून बघा. वर्ष 2015 निघालं आणि आरसीवर 2017 असेल, तर तीन वर्षांच्या नियमात बसवण्यासाठी वर्ष बदललेलं असू शकतं.

एक्स्पोर्ट सर्टिफिकेट बरंचसं जपानीत असतं, म्हणून लोक त्याचा फोटो काढून ठेवतात आणि वाचत नाहीत. पुण्यात जपानी शिकलेली माणसं भरपूर आहेत. अर्ध्या तासाचं काम आहे, एखाद्याकडून वाचून घ्या. पहिल्या नोंदणीचा महिना त्यावर असतो. बहुतेक गाड्यांच्या त्या कागदावर किलोमीटरही असतात. मीटर मागे फिरवलंय का, ते तिथेच कळतं.

स्पेअरचा भाग मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीवरून सांगतो. त्यांची अल्फार्ड अडीच लिटर पेट्रोल, कागद पूर्ण आणि चोख. खंबाटकीत ट्रकने डाव्या कोपऱ्याला घासून नेलं. डावा हेडलॅम्प, बंपर, फेंडर, रेडिएटर आणि त्याच्या पुढची पट्टी, एवढंच गेलं. टोयोटाने भारतात 2020 पासून वेलफायर विकली. ती अल्फार्डचीच बहीण असल्यामुळे मालकांना वाटलं, भाग इथेच मिळतील. बाजूचे आणि आतले बरेच भाग जुळतातही. पण दोघींचा चेहरा वेगळा आहे: हेडलॅम्प, जाळी, बंपर काहीच जुळत नाही. रेडिएटरही बसला नाही, कारण इथली वेलफायर हायब्रिड आणि ही साधी पेट्रोल. काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि सिस्टीमने तो ओळखलाच नाही, कारण त्या यादीत इथे विकलेल्याच गाड्या असतात.

शेवटी भाग जपानहून मागवले. हेडलॅम्प नवा घ्यावा लागला. जपानच्या भंगार बाजारात तोच दिवा पाव किमतीत मिळतो, पण वापरलेला माल परवानगीशिवाय आयात करता येत नाही. पहिल्या खेपेत फेसलिफ्टनंतरचा दिवा आला, कारण ऑर्डर देणाऱ्याने चेसिस नंबर न देता फक्त वर्ष सांगितलं होतं. तो परत करून दुसरा येईपर्यंत गाडी माझ्याकडे चार महिने उभी होती. टायर, बॅटरी, ऑइल फिल्टर यांची काळजी करू नका, ते इथे मिळतं. अडतं ते पुढच्या चेहऱ्याला, सरकत्या दारांच्या मोटरला, सेन्सरला आणि एअरबॅगला. आणखी एक गोष्ट म्हणजे रिकॉल. कंपनीने एखादा भाग परत बोलावला तर इथल्या गाड्यांच्या मालकांना पत्र येतं. तुमची गाडी त्यांच्या यादीतच नसल्यामुळे तुम्हाला येणार नाही. टोयोटाच्या जपानी संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून तुम्हालाच बघावं लागेल.

त्याच गाडीचा विम्याचा अनुभव जास्त शिकवणारा आहे. त्यांनी गाडी 46 लाखांना घेतली होती आणि पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 24 लाख होता. आयडीव्ही कंपनीच्या इथल्या छापील किमतीवरून ठरतो. जी गाडी कंपनीने इथे विकलीच नाही तिची छापील किंमत नसते, मग विमा कंपनी आणि मालक यांच्यात आकडा ठरतो. हप्ता कमी बसावा म्हणून एजंटने तो खाली धरला होता आणि मालकांनी सही केली होती. गाडी चोरीला गेली असती तर 24 मिळाले असते, 46 नाही.

दुरुस्तीचा अंदाज साडेनऊ लाख निघाला. झिरो डेप्रिसिएशन नव्हतं, कारण त्या वयाच्या आयात गाडीला ते द्यायला कंपनी तयार झाली नव्हती. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते, आणि गाडीचा पुढचा चेहरा जवळपास सगळा प्लास्टिकचाच असतो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के कापतात. दिवा विमानाने मागवला होता, ते भाडं मान्य झालं नाही. साडेनवातले साधारण साडेचार मिळाले.

अपघात थोडा मोठा असता, दोन एअरबॅग उघडल्या असत्या, तर खर्च 18 लाखांच्या पुढे गेला असता. आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर खर्च गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि 24 चे 75 टक्के म्हणजे 18. म्हणजे आयडीव्ही कमी आणि स्पेअर महाग अशी जोडी जमली की दुरुस्त होण्यासारखी गाडीही हातातून जाते. म्हणून टोकन देण्याआधी, चेसिस नंबर आणि बिल ऑफ एंट्री जोडून, दोन कंपन्यांकडून लेखी कोटेशन घ्या. आयडीव्ही किती, झिरो डेप्रिसिएशन मिळेल का आणि आयात भागांचं शुल्क व भाडं कुठपर्यंत देणार, ही तीन उत्तरं लेखी हवीत. एजंटच्या तोंडी शब्दावर थांबू नका. आणि गाडी आयात आहे हे प्रस्तावात लपवू नका. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बोनेट उघडून पहिला चेसिस नंबरच वाचतो.

विक्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुन्या गाड्यांचे मोठे डीलर ही गाडी बहुधा घेत नाहीत, बँका तिच्यावर कर्ज द्यायला कचरतात, त्यामुळे रोखीने घेणारा आणि कागद समजणारा माणूसच तुमचं गिऱ्हाईक. असे लोक थोडे, आणि ते तुम्हाला हेच सगळे प्रश्न विचारणार. गाडी महाराष्ट्रात नोंदवली नसेल तर भाव आणखी पडतो. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे नोंदवावी लागते. आयात गाडीला इथला कर चढ्या दराने लागतो, आणि त्या वेळी आरटीओ बिल ऑफ एंट्री मागू शकतं. त्यामुळे 'एनओसी काढून देतो' एवढं पुरेसं नाही. एनओसी मिळाली म्हणजे हिमाचलने गाडी सोडली. पुण्याने घेतली, असं नाही. व्यवहार करायचाच झाला तर एमएच नंबर लागेपर्यंत मोठी रक्कम राखून ठेवा आणि तसा करार करा. ज्याचे कागद खरे आहेत तो या अटीला तयार होतो. दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त जहाज अभियंत्याची टीआरवर आणलेली गाडी मी एका कुटुंबाला घ्यायला सांगितली होती. त्यांनी पासपोर्टपासून चलानापर्यंतची फाइल पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवली होती.

आता आईंचं. तुम्हाला अल्फार्डमधलं नेमकं काय हवं आहे, ते आधी ठरवा. बाहेर वळून खाली येणारी सीट हवी असेल तर ती प्रत्येक अल्फार्डमध्ये नसते. जपानमध्ये ती वेगळी आवृत्ती म्हणून विकतात. तुमच्या विक्रेत्याच्या गाडीत ती आहे का, हे प्रश्नात तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त सरकतं दार आणि प्रशस्त मधली सीट पुरणार असेल तर इथे अधिकृत विकलेली जुनी वेलफायर शोधा. महाग पडेल, पण तिचा चेसिस नंबर काउंटरवर ओळखला जाईल. आणि बाहेर वळणारी सीट इथल्या साध्या गाड्यांनाही बसवून मिळते. आईंना सोबत नेऊन एकदा बसवून बघा, त्यांचा कोणता हात आणि कोणता पाय साथ देतो त्यावर डावी की उजवी बाजू ते ठरेल.

विक्रेत्याला आज एवढंच विचारा: बिल ऑफ एंट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर. ते मिळालं तर इथे लिहा, पुढचं एकत्र बघू. दोन दिवसांत मिळालं नाही, तर वेलफायर बघायला लागा.